टीव्हीचे इंच सेंटीमीटरमध्ये बदलले, तरी तो वॉल युनिटच्या खणात का बसत नाही?

नवीन टीव्ही घेण्याआधी वॉल युनिटचा खण मोजायचा, टीव्हीच्या इंचांना २.५४ ने गुणायचे, दोन आकडे शेजारी लिहून तुलना करायची आणि निर्णय घ्यायचा, असे बहुतेक जण करतात. गुणाकार बरोबर येतो, तरी निर्णय चुकतो. कधी सहज बसला असता असा टीव्ही नाकारला जातो, तर कधी बसेल म्हणून आणलेला टीव्ही खणाच्या तोंडाशी अडतो. ही अडचण पुन्हा पुन्हा येते, कारण चूक गुणाकारात नसते. सेंटीमीटरमध्ये आलेला तो आकडा खणाच्या कोणत्या मापाशी ताडून पाहायचा, इथे ती होते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हे अगदी समोरासमोर पाहायला मिळाले. तिच्या वॉल युनिटमधला टीव्हीचा खण १३२ सेंटीमीटर रुंद, ८२ सेंटीमीटर उंच आणि ३४ सेंटीमीटर खोल आहे. तिला ५५ इंची टीव्ही घ्यायचा होता. तिने ५५ गुणिले २.५४ केले, उत्तर १३९.७ आले, खण १३२ चा आहे हे पाहिले आणि ‘टीव्ही जवळजवळ आठ सेंटीमीटर मोठा आहे, बसणार नाही’ असे ठरवून टाकले. भाऊजींना मात्र ठाऊक होते की टीव्हीचे इंच तिरके मोजतात. म्हणून त्यांनी खणही तिरका मोजला, म्हणजे डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला, आणि तो १५५ सेंटीमीटर भरला. ६० इंच म्हणजे १५२.४ सेंटीमीटर, तेव्हा ‘५५ कशाला, ६० इंची टीव्हीसुद्धा बसेल आणि वर तीन सेंटीमीटर उरतील’ असा त्यांचा हिशेब होता. दोघांचाही गुणाकार अचूक होता, आणि निष्कर्ष मात्र दोघांचेही चुकीचे होते.

टीव्हीवर लिहिलेले ५५ इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजेच पडद्याचा कर्ण असतो. इंचाचे सेंटीमीटर केल्याने फक्त एकक बदलते, कर्ण कर्णच राहतो. ताईने हा कर्ण खणाच्या रुंदीशी ताडला. कर्ण रुंदीपेक्षा नेहमीच मोठा असतो, आणि हल्लीच्या सर्वसाधारण टीव्हीत तो जवळजवळ पंधरा टक्क्यांनी मोठा असतो, त्यामुळे तिला प्रत्येक टीव्ही आहे त्यापेक्षा बराच रुंद वाटला. भाऊजींनी कर्णाशी कर्ण ताडला. ते वरवर अधिक शास्त्रशुद्ध दिसते, पण दोन आयतांचे कर्ण सारखे असले तरी त्यांची रुंदी आणि उंची सारखी असेलच असे नाही. टीव्हीचा पडदा आडवा पसरलेला असतो. खण त्या मानाने उंच असेल, तर त्याचा कर्ण उंचीच्या जोरावर वाढतो आणि वाढलेल्या उंचीचा टीव्हीच्या रुंदीला काहीच उपयोग होत नाही. एखादा खण ११० सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच आहे असे समजा. त्याचा कर्ण १४२ सेंटीमीटर भरतो, म्हणजे ५५ इंची टीव्हीच्या १३९.७ पेक्षा जास्तच, पण प्रत्यक्षात तो टीव्ही त्या खणापेक्षा जवळजवळ १२ सेंटीमीटर रुंद आहे. जुन्या, जवळपास चौकोनी पडद्यांच्या काळात केलेल्या वॉल युनिटमध्ये ही फसगत विशेष होते, कारण त्यांचे खण मुळात उंच आणि अरुंद ठेवलेले असतात.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की, कर्णाचे सेंटीमीटर काढून तिथेच थांबायचे नाही, तर त्यातून पडद्याची रुंदी आणि उंची काढायची. आजचे बहुतेक सर्व टीव्ही १६:९ या प्रमाणात असतात, म्हणजे रुंदीचे १६ भाग धरले तर उंचीचे ९ भाग येतात. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार अशा आयताचा कर्ण १६ च्या वर्गात ९ चा वर्ग मिळवून आलेल्या ३३७ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १८.३६ भागांचा होतो. १६ ला १८.३६ ने भागल्यास रुंदी कर्णाच्या ०.८७१६ पट येते आणि ९ ला भागल्यास उंची ०.४९०३ पट येते. हे दोन्ही आकडे २.५४ ने गुणून ठेवले की रोजच्या वापरासाठी दोनच गुणक लक्षात ठेवावे लागतात. टीव्हीच्या इंचांना २.२१४ ने गुणले की पडद्याची रुंदी थेट सेंटीमीटरमध्ये मिळते, आणि १.२४५ ने गुणले की उंची मिळते.

५५ इंचांसाठी रुंदी १२१.८ आणि उंची ६८.५ सेंटीमीटर येते. पडताळा घेणे सोपे आहे. १२१.८ ला ९ ने गुणून १६ ने भागले की पुन्हा ६८.५ यायला हवेत, आणि तसे येत नसेल तर गुणक कुठेतरी चुकीचा लिहिला गेला आहे. भाऊजींच्या ६० इंची टीव्हीला हेच लावले की रुंदी १३२.८ सेंटीमीटर येते. खण १३२ चा आहे. म्हणजे नुसता उघडा पडदा, त्याच्या कडेची चौकट न धरताही, खणापेक्षा आठ मिलिमीटर मोठा आहे. कर्णाच्या हिशेबात मात्र तोच टीव्ही तीन सेंटीमीटर सैल बसत होता.

अनेक टीव्ही एकदम तपासायचे असतील तर स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात इंच भरून पुढील दोन सूत्रे वापरता येतील. पहिले रुंदीचे आहे आणि दुसरे उंचीचे.

```
=A2*2.54*16/SQRT(16^2+9^2)
=A2*2.54*9/SQRT(16^2+9^2)
```

इथे २.५४ च्या जागी सोयीसाठी २.५ वापरू नये. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटीमीटर ठरलेले आहेत, त्यामुळे दुसऱ्या दशांशस्थळापुढे काही उरत नाही आणि तोंडी हिशेबासाठी ते छाटण्याचे कारणही उरत नाही. २.५ धरल्यास ५५ इंची पडद्याची रुंदी जवळजवळ दोन सेंटीमीटर कमी येते, आणि खणाच्या बाबतीत दोन सेंटीमीटर म्हणजे बसणे आणि न बसणे यांतला फरक असू शकतो.

एवढे केल्यावर पडद्याचे माप हाती येते, टीव्हीचे नव्हे. दुसरी चूक इथे होते. पडद्याभोवती चौकट असते. हल्ली ती इतकी बारीक झाली आहे की दुकानात पाहताना जाणवतसुद्धा नाही, पण दोन्ही बाजूंची मिळून एक ते दोन सेंटीमीटर रुंदी सहज वाढते. खालच्या बाजूची चौकट वरच्या चौकटीपेक्षा बहुधा जाड असते. शिवाय ‘५५ इंच’ हे पुष्कळदा गोलाकार केलेले नाव असते. अशा टीव्हीचा प्रत्यक्ष पडदा ५४.६ इंचांचा, म्हणजे साधारण १३८.७ सेंटीमीटरचा असू शकतो, आणि म्हणूनच खोक्यावर १३९.७ ऐवजी १३८ किंवा १३९ सेंटीमीटर छापलेले दिसते. ते पाहून आपला गुणाकार चुकला असे समजू नये. पडदा थोडा लहान आणि चौकट थोडी जास्त, असे हे दोन फरक एकमेकांना काही अंशी छेद देतात, पण किती छेद देतील हे प्रत्येक मॉडेलगणिक बदलते. त्यामुळे गुणकांनी काढलेली मापे ही कोणत्या आकाराचा टीव्ही विचारात घ्यायचा हे ठरवण्यापुरती वापरावीत, आणि पैसे देण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलच्या माहितीपत्रकातली बाहेरची मापे वाचावीत. ही पायरी वगळलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मनस्ताप तिच्यामुळेच होतो.

माहितीपत्रकात मापांच्या तीन ओळी आढळतात: स्टँडसह, स्टँडविना आणि खोक्यासह. खणात पाय लावून ठेवायचा असेल तर स्टँडसह मापे पाहावीत आणि भिंतीवर ब्रॅकेटने टांगायचा असेल तर स्टँडविना मापे पाहावीत. खोक्याची मापे फक्त दारातून आणि जिन्यावरून टीव्ही आत आणण्यापुरती उपयोगाची असतात. मापे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा १,११८ दिसले की ते १११.८ सेंटीमीटर आहेत हे लक्षात ठेवावे. रुंदी, उंची आणि खोली यांचा क्रमही सर्वत्र सारखा नसतो. सर्वांत मोठा आकडा रुंदीचा असतो, यावरून ओळ नीट लावता येते. रुंद बसवलेल्या दोन पायांच्या टीव्हीत त्या पायांमधले बाहेरचे अंतर आणि पायांची पुढे-मागे पसरलेली खोली ही दोन मापेही पाहावी लागतात, कारण टीव्ही कितीही सडपातळ असला तरी त्याचे पाय फळीवर २५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त जागा घेऊ शकतात आणि उथळ खणात ते फळीच्या कडेबाहेर येतात.

आता खणाकडे वळू. टीव्हीचे माप कारखान्यात मिलिमीटरमध्ये ठरलेले असते, खणाचे माप मात्र आपण हाताने घेतो, आणि लहानसहान चुका बहुतेक इथेच शिरतात. आतली रुंदी मोजताना टेपचे टोक डाव्या कडेला लावले आणि टेप उजव्या कडेपर्यंत नेला की तो कोपऱ्यात वाकतो. वाकलेल्या जागी १३१.५ वाचावे की १३२.५ हे अंदाजाने ठरवले जाते आणि त्या अंदाजात एक सेंटीमीटर सहज हरवतो. याला सोपा उपाय आहे. खणाच्या मागच्या फळीवर मधोमध कुठेही पेन्सिलीची एक बारीक उभी खूण करावी, डाव्या कडेपासून खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग टेप उलटा करून उजव्या कडेपासून त्याच खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे आणि दोन्हींची बेरीज करावी. ताईच्या खणात डावीकडून ७० सेंटीमीटर आणि उजवीकडून ६२ सेंटीमीटर भरले. अशा रीतीने टेप कुठेच वाकत नाही आणि दोन्ही वेळा टेपचे टोक सपाट कडेला टेकलेले असते.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. प्लायवूडच्या उभ्या बाजू वर्षानुवर्षांच्या वजनाने थोड्या वाकतात, आणि कधी मुळातच तिरक्या बसवलेल्या असतात. रुंदी खाली, मध्ये आणि वर, तसेच पुढच्या कडेला आणि मागे अशी मोजावी आणि त्यातली सर्वांत लहान रुंदीच खरी मानावी. ताईच्या खणाची रुंदी पुढे १३२.४, मध्ये १३२.२ आणि मागे १३२.० भरली, म्हणून हिशेबात १३२ धरले. उंचीच्या बाबतीत फरक याहून मोठा निघाला. खणाच्या आत तळापासून छतापर्यंत ८६ सेंटीमीटर होते, पण दर्शनी बाजूला दिवे लपवण्यासाठी वरून चार सेंटीमीटरची पट्टी खाली आलेली होती. टीव्ही याच तोंडातून आत जाणार, त्यामुळे उपयोगी उंची ८२ च होती. अशा पट्ट्या, दारांच्या बिजागऱ्या, आत आलेल्या कडा आणि मागच्या फळीवरचे प्लगचे बोर्ड हे सर्व मोजमापात धरावे लागतात. नुसत्या डोळ्यांनी पाहताना त्यांची सवय झालेली असते आणि म्हणूनच ते विसरले जातात.

भाऊजींनी घेतलेला खणाचा कर्ण टीव्हीशी ताडण्यासाठी निरुपयोगी असला तरी एका वेगळ्या कामासाठी तो फार उपयोगी आहे. खणाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर खण काटकोनात आहे. ताईच्या खणात ते १५५.४ आणि १५५.२ भरले, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. एवढ्याच आकाराच्या खणात दोन कर्णांमध्ये एक सेंटीमीटरचा फरक पडला असता, तर त्याचा अर्थ असा की उभ्या बाजू वरपासून खालपर्यंत सुमारे सहा मिलिमीटर कलल्या आहेत. अशा खणाची रुंदी कुठल्याही उंचीवर मोजली तरी सारखीच भरते, पण सरळ उभ्या टीव्हीला त्यातले सहा मिलिमीटर मिळत नाहीत. रुंदीची तिन्ही मापे बरोबर येऊनही टीव्ही एका कोपऱ्याशी घासत असेल, तर हे कारण तपासून पाहावे.

ज्यांच्याकडे खणाची मापे सुताराने इंचांत लिहून दिलेली असतात त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. सुतारी कामात इंचाचे आठ भाग धरतात आणि त्या आठव्या भागाला सूत म्हणतात. ४७ इंच ५ सूत हे माप कागदावर घाईत ४७.५ असे लिहिले जाते. वास्तविक ५ सूत म्हणजे पाच-अष्टमांश इंच, म्हणजे ०.६२५ इंच. त्यामुळे खरे माप ४७.६२५ इंच, म्हणजे १२०.९७ सेंटीमीटर असते, आणि ४७.५ समजून रूपांतर केल्यास १२०.६५ येते. इथे तीन मिलिमीटरच जातात, पण फुटांत हीच चूक मोठी होते. ४ फूट १० इंच हे ४.१० असे लिहून ३०.४८ ने गुणले तर १२५ सेंटीमीटर येतात, आणि खरे माप ५८ इंच, म्हणजे १४७.३ सेंटीमीटर असते. बावीस सेंटीमीटरच्या खोट्या टंचाईपायी चांगला खण निकालात निघू शकतो. फूट आणि इंच दोन्ही असतील तर आधी सगळ्याचे इंच करावेत, सुतांचे दशांश करावेत आणि मगच २.५४ ने गुणावे. त्याहून बरे म्हणजे खण स्वतःच सेंटीमीटरच्या बाजूने पुन्हा मोजावा.

टीव्ही खणात शिरतो आणि टीव्ही खणात ठेवता येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताईने पसंत केलेल्या ५५ इंची मॉडेलची बाहेरची रुंदी १२३.३ सेंटीमीटर होती. १३२ च्या खणात तो जात होता आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४.३ सेंटीमीटर उरत होते. नुसते माप पाहिले तर काम झाले होते. पण त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दोन्ही बाजूंना आणि वर प्रत्येकी १० सेंटीमीटर मोकळी जागा सोडण्याची सूचना होती. टीव्हीच्या आतल्या पडद्यामागच्या दिव्यांची आणि सर्किटची उष्णता पाठीमागच्या झरोक्यांतून बाहेर पडते, गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी कडेने थंड हवा आत येते. तीन बाजूंनी फळ्या आणि मागे बंद पाठ असलेल्या खणात ही हवा तिथेच फिरत राहते. त्याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. दोन तास टीव्ही चालू ठेवून खणाच्या वरच्या फळीला आतून हात लावावा. ती फळी स्पष्ट गरम लागत असेल तर हवेला वाट नाही असे समजावे. सोडायच्या जागेचा आकडा सर्व टीव्हींना सारखा नसतो, म्हणून १० सेंटीमीटर हा सार्वत्रिक नियम न मानता आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा घ्यावा. भिंतीवर टांगण्यासाठी आणि पायांवर ठेवण्यासाठी हे आकडे कधी वेगळे दिलेले असतात.

म्हणून मग आम्ही हिशेब उलट्या बाजूने मांडला, आणि माझा आग्रह आहे की सर्वांनी तो तसाच मांडावा. टीव्हीपासून सुरुवात करून खणाकडे येण्याऐवजी खणापासून सुरुवात करून टीव्हीकडे जावे. १३२ सेंटीमीटर रुंदीतून दोन बाजूंचे मिळून २० सेंटीमीटर हवेसाठी वजा केले, ११२ उरले. त्यातून दोन्ही बाजूंच्या चौकटीसाठी १.५ सेंटीमीटर वजा केले, ११०.५ उरले. ११०.५ ला २.२१४ ने भागले की ४९.९ येतात. म्हणजे ५० इंची टीव्ही अगदी काठावर येतो, आणि काठावर आलेल्या ठिकाणी अंदाज सोडून नेमके मॉडेल पाहावे लागते. ज्या मॉडेलवर आम्ही आलो त्याची बाहेरची रुंदी १११.८ सेंटीमीटर होती. १३२ मधून १११.८ गेले, २०.२ उरले, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.१ सेंटीमीटर.

उंचीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो, रुंदीत बसला म्हणून उंचीत बसेल असे धरता येत नाही. त्या ५० इंची टीव्हीचा पडदा ६२.३ सेंटीमीटर उंच, चौकटीसह ६४.६ आणि पाय लावल्यावर ७१.५ सेंटीमीटर होता. ८२ च्या तोंडातून ७१.५ वजा जाता १०.५ सेंटीमीटर उरले. आतल्या ८६ च्या मापावर विसंबून राहिलो असतो तर हाच आकडा १४.५ दिसला असता आणि एखादा उंच पायांचा टीव्ही बिनधास्त घेतला गेला असता. खोलीचा प्रश्न इथे आला नाही, कारण टीव्हीचे पाय २३ सेंटीमीटर पसरले होते आणि फळी ३४ ची होती, त्यामुळे मागे सरळ बाहेर येणाऱ्या प्लगला आणि एचडीएमआय केबलच्या वळणालाही जागा मिळाली. उथळ खणात मात्र केबलच्या टोकापासून तिच्या वळणापर्यंतचे चार-पाच सेंटीमीटर खोलीच्या मापात आवर्जून धरावेत. मागे जोर देऊन ढकललेली केबल काही महिन्यांनी सॉकेटमध्ये सैल होते आणि दोष टीव्हीच्या माथी मारला जातो.

ज्यांना खणात ब्रॅकेट लावून टीव्ही टांगायचा आहे त्यांनी वरच्या मोकळ्या जागेकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. अनेक ब्रॅकेटमध्ये टीव्ही आधी थोडा वर उचलून मग पट्टीवर अडकवायचा असतो. टांगल्यानंतर वर पुरेशी जागा दिसत असली तरी अडकवताना जी उचल लागते तेवढी जागा नसेल, तर टीव्ही आपल्या ठिकाणी पोचतच नाही. ही उचल ब्रॅकेटच्या माहितीत दिलेली नसेल, तर भोके पाडण्यापूर्वी ब्रॅकेटचे दोन भाग हातात घेऊन एकमेकांत अडकवून पाहावेत आणि किती उचलावे लागते ते टेपने मोजावे.

आता ज्यांचा टीव्ही घरी आलेला आहे आणि हिशेब जुळत नाही, त्यांना फरकाच्या आकारावरून चूक कुठे झाली हे बहुधा ओळखता येते. कागदावरचा आणि प्रत्यक्षातला फरक पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल, म्हणजे ५५ इंची टीव्हीत जवळजवळ १८ सेंटीमीटर असेल, तर कर्णालाच रुंदी समजले गेले आहे. फरक दोन सेंटीमीटरच्या जवळपास असेल तर २.५४ च्या जागी २.५ धरले गेले आहे, किंवा पडद्याचे माप घेऊन चौकट विसरली गेली आहे. हे दोन एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी चालू टीव्हीच्या उजळलेल्या भागाची रुंदी टेपने हलकेच मोजावी. ती कागदावर काढलेल्या रुंदीशी एका सेंटीमीटरच्या आत जुळली तर गुणाकार बरोबर आहे आणि चूक चौकटीची आहे. फरक काही मिलिमीटरचाच असेल तर टीव्हीकडे पाहू नये, खण पुन्हा मोजावा. उंची रुंदीच्या नऊ-सोळांश येत नसेल, तर तो टीव्ही १६:९ प्रमाणातला नाही. जुन्या ४:३ पडद्यांत रुंदी कर्णाच्या ०.८ पट आणि उंची ०.६ पट असते, त्यामुळे तिथे वरचे गुणक चालत नाहीत. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत तर सांगितलेल्या इंचांत चौकटीमागे झाकलेला नळीचा भागही धरलेला असे, म्हणून त्यांच्या जाहीर इंचांवरून खणाचे अनुमान करूच नये.

आकडे जुळल्यावरही, खण काठावरचा असेल तर एक शेवटची पडताळणी मी करून घेते. टीव्हीच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, खालच्या बाजूला पायांच्या उंचीइतकी पट्टी चिकटवायची आणि तो पुठ्ठा पुढच्या तोंडातून सरळ आत सरकवायचा. ताईकडे १११.८ बाय ७१.५ चा पुठ्ठा दोन खोकी जोडून केला होता. तो आत गेला, दोन्ही कडांना माझा तळहात आडवा बसला, पण वरच्या पट्टीखालून एक वायर बरीच खाली लोंबत होती आणि पुठ्ठ्याची कड तिला लागली. ती वायर कोणत्याच मापात आलेली नव्हती. वायर पट्टीच्या आत क्लिपने बांधून घेतली, पुठ्ठा पुन्हा सरकवला आणि मग टीव्हीची ऑर्डर दिली.